ठराव क्रमांक चार मागे घ्या: आमच्या पालक-शिक्षक संघाला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सभासद,
पालक-शिक्षक संघ, आपले हायस्कूल

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्याच्या सभेत ठराव क्रमांक चार मंजूर झाला, तेव्हा वर गेलेल्या हातांत माझाही हात होता. सभा लांबलेली, वीज गेलेली, आणि पहिल्या बाकावर, सायकल स्टँडजवळच्या मारामारीत दगड लागून टाके पडलेल्या मुलाची आई बसलेली. तिच्यासमोर 'थांबा, जरा तपासून बघू' असं म्हणायची कोणाची छाती झाली नाही. माझीही नाही. आता टाके निघाले आहेत, पोरगा परत शाळेत येतोय, म्हणून लिहितो.

ठरावाचं पहिलं वाक्य असं आहे: "हिंसक व्हिडिओ गेममुळे विद्यार्थी हिंसक होतात व त्यांची शैक्षणिक गुणवत्ता घसरते हे सिद्ध झाले असल्याने..." त्यापुढे शिक्षा आहे. मोबाइलवर गेम खेळताना सापडला तर विद्यार्थी आठ दिवस वर्गाबाहेर, आणि पालकांकडून स्टॅम्प पेपरवर हमीपत्र. मी तालुक्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. 'सिद्ध झाले असल्याने' हे शब्द ऐकताच माझे कान उभे राहायला हवे होते. ते घरी जाऊन जेवताना उभे राहिले.

त्या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारली आहे. पहिली, म्हणजे गेममुळे मुलं मारामारी करतात, ही सिद्ध झालेली नाही. दुसरी, म्हणजे मार्क घसरतात, ही काही मुलांच्या बाबतीत खरी आहे. पण तिचं कारण गेममधल्या बंदुका नाहीत. आपण दोन्हींना एकच औषध दिलं, आणि ते दोन्हींना लागू पडत नाही.

आधी त्या मारामारीचं. सायकल स्टँडजवळ ती झाली त्याच संध्याकाळी आमच्या गल्लीत एक आजी म्हणाल्या, "गेम खेयी खेयी पोऱ्यानं डोकं फिरी गयं." दुसऱ्या दिवशी दूधवाल्यापासून वर्गशिक्षकांपर्यंत सगळे तेच म्हणत होते. दोन्ही मुलांना वेगवेगळं बसवून विचारलं, तेव्हा टेनिस बॉल स्पर्धेच्या वर्गणीचे दोनशे रुपये निघाले. एकानं दिले म्हणतो, दुसरा मिळालेच नाहीत म्हणतो. ज्यानं दगड उचलला त्याच्या घरात वडिलांचा बटणांचा फोन तेवढा आहे. अर्थात यावरून गेम निर्दोष ठरत नाही. एका भांडणावरून कोणाचाच निकाल लागत नसतो, आणि आपण मात्र एका भांडणावरून ठराव केला.

मग 'सिद्ध झाले' हे आलं कुठून? ते हवेतून आलेलं नाही. गेली कित्येक वर्षं यावर शेकडो प्रयोग झाले आहेत आणि त्यातल्या बऱ्याच प्रयोगांत हिंसक गेमनंतर 'आक्रमकता' वाढलेली दिसली. पण ही आक्रमकता मोजली कशी, ते बघा. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत बसवतात. अर्ध्यांना गोळीबाराचा गेम देतात, अर्ध्यांना साधा, पंधरा-वीस मिनिटं. त्यानंतर दुसऱ्या खोलीतल्या स्पर्धकाशी बटण दाबण्याची शर्यत लावतात. जो जिंकेल त्यानं हरलेल्याच्या हेडफोनमध्ये कर्कश आवाज सोडायचा. आवाज किती मोठा आणि किती वेळ, हे जिंकणारा ठरवतो. दुसऱ्या खोलीत बहुतेक वेळा कोणी नसतंच, शर्यतीचा निकाल संगणकानं आधीच ठरवलेला असतो. ज्यानं मोठा आवाज सोडला, तो जास्त आक्रमक.

संख्याशास्त्राच्या माणसाला इथे पहिला प्रश्न पडतो तो हा, की आकडा नेमका कोणता धरायचा? आवाजाची पातळी? किती सेकंद सोडला ते? दोन्हींचा गुणाकार? फक्त पहिल्या फेरीतला, की सगळ्या फेऱ्यांची सरासरी? माल्टे एल्सन नावाच्या जर्मन संशोधकानं ही एकच चाचणी वापरलेले निबंध गोळा करून पाहिले, तर तिचा गुण काढायच्या दीडशेहून जास्त वेगवेगळ्या पद्धती सापडल्या. म्हणजे लिलावात एकच केळीचा घड एकानं दांड्यासकट तोलायचा, दुसऱ्यानं फण्या सोडवून, तिसऱ्यानं फक्त वरच्या तीन फण्या, आणि सगळ्यांनी वहीत 'वजन' म्हणूनच लिहायचं. रावेर-यावलच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, अशा तोलाला तो काय म्हणेल. यात लबाडीच असते असं नाही. पण दीडशे वाटा मोकळ्या असल्या की हवा तो आकडा देणारी एखादी वाट सापडतेच, आणि आपण ती शोधत होतो हे शोधणाऱ्यालाही कळत नाही.

दुसरी गोष्ट तुम्हीआम्ही सगळे जाणतो. हेडफोनमध्ये आवाज सोडणं आणि वर्गमित्राच्या डोक्यात दगड घालणं यांत फार अंतर आहे.

हे दोष लक्षात आल्यावर काही संशोधकांनी कामाची रीत बदलली. ऑक्सफर्डचे अँड्र्यू शिबिल्स्की आणि कार्डिफच्या नेट्टा वाइनस्टाइन यांचा २०१९ चा अभ्यास त्यातला मला सगळ्यांत पटलेला. त्यांनी ब्रिटनमधली १४ आणि १५ वर्षांची १००४ मुलं-मुली घेतली. म्हणजे आपले नववी-दहावीचेच. मुलांनी गेल्या महिन्यात कोणते गेम खेळले ते विचारलं, पण तो गेम हिंसक आहे की नाही हे मुलांना ठरवू दिलं नाही. त्यासाठी गेमला मिळालेलं अधिकृत वयोगटाचं मानांकन धरलं. मुलगा मारामारी करतो का, चिडतो का, हे मुलाला न विचारता आई-वडिलांना विचारलं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कोणता आकडा कसा काढणार, हे माहिती गोळा करण्याआधीच लिहून नोंदवून टाकलं. काटा आधी ठरला, माल नंतर आला. निष्कर्ष असा, की हिंसक गेम खेळण्याचा वेळ आणि आई-वडिलांनी सांगितलेलं आक्रमक वागणं यांत संबंध आढळला नाही.

माझ्या बाजूचं तेवढं सांगून मोकळा होत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी मुलांवर बराच काळ लक्ष ठेवलेले २४ अभ्यास एकत्र केले. त्यांत १७ हजारांहून जास्त मुलं होती, आणि प्रत्यक्ष मारामारीशी हिंसक गेमचा संबंध त्यांना दिसला. मात्र घर, स्वभाव, आधीचं वागणं हे सगळं हिशेबात धरल्यावर तो फारच बारीक उरला. ढोबळमानानं सांगायचं तर दोन मुलांच्या वागण्यात जो फरक असतो, त्याचा एक टक्काही भाग त्यातून समजत नाही. तो बारीक संबंध खरा, की मोजणीतली गळती, यावर जाणकार अजून भांडतायत. ऑक्सफर्डच्या अभ्यासालाही मर्यादा आहे. तो एकाच वेळचा फोटो आहे, आणि ब्रिटिश मुलांचा आहे. पण 'सिद्ध झाले' असं यातल्या कोणत्याच बाजूला म्हणता येणार नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०१५ मध्ये गेम आणि आक्रमकता यांचा संबंध मान्य करणारा ठराव केला होता. त्याच संघटनेनं २०२० मध्ये त्यात दुरुस्ती करून सांगितलं की प्रत्यक्ष हिंसाचाराचं खापर गेमवर फोडायला पुरेसा शास्त्रीय आधार नाही. ठराव दुरुस्त करणं कमीपणाचं नसतं, हेही त्यात आलं.

आता तुम्ही म्हणाल, "सर, तुमचं सगळं खरं, पण फोन काढून घेतला की पोरगा आरडाओरडा करतो, दार आपटतो, ते काय मग?" हा प्रश्न सभेत एका ताईंनी विचारला होता आणि तो रास्त आहे. आमच्या घरचंही दार एकदा आपटलंय.

याचं उत्तर मला टेट्रिसमध्ये सापडलं. तोच, वरून पडणाऱ्या विटा रचायचा जुना गेम; त्यात बंदूक नाही, रक्त नाही. शिबिल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली छापलेल्या प्रयोगांत टेट्रिसमध्ये अशी खोड केली की नेमक्या नको त्या विटा पडाव्यात. खेळणारे वैतागले आणि रागाचे विचार वाढले. म्हणजे डोकं फिरतं ते मनासारखं खेळता न आल्यानं, डाव विस्कटल्यानं. आता आपल्या पोरांचे गेम बघा. चौघांचा गट असतो, एक सामना पंधरा-वीस मिनिटं किंवा त्याहून जास्त चालतो, आणि मधेच थांबवायचं बटण नसतं. आपण हाक मारतो तेव्हा आपल्या लेखी तो 'फोन बघत बसलेला' असतो. त्याच्या लेखी तो तीन मित्रांना मैदानात सोडून निघून चाललेला असतो. रंगात आलेल्या कबड्डीच्या डावातून पोराला कॉलर धरून ओढलं तरी तो असाच ओरडेल. त्याचं ओरडणं खपवून घ्या असं मी म्हणत नाही. पण तो सायकल स्टँडवरच्या दगडाचा पुरावा नाही. आम्ही घरी एवढंच केलं की 'बंद कर' ऐवजी 'हा सामना संपला की ठेव' म्हणायला लागलो. दार तेव्हापासून शाबूत आहे.

आता मार्कांकडे येतो. इथे तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि त्याला चांगला आधारही आहे. रॉबर्ट वाइस आणि ब्रिटनी सेरँकोस्की यांनी अमेरिकेत ६ ते ९ वर्षांच्या ६४ मुलग्यांवर एक प्रयोग केला, तो २०१० मध्ये छापून आला. यातल्या कोणाच्याच घरी गेमचं यंत्र नव्हतं. चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडले. एकाला प्लेस्टेशन लगेच दिलं, दुसऱ्याला चार महिन्यांनी देऊ म्हणून सांगितलं. कोणाला आधी मिळेल हे नशिबावर होतं, त्यामुळे 'अभ्यासात कच्चीच पोरं गेमकडे वळतात' ही पळवाट उरली नाही.

चार महिन्यांनी पुन्हा परीक्षा घेतली. ज्यांना यंत्र लगेच मिळालं, ते वाचन आणि लेखन या दोन्हींत मागे पडले होते. त्यांच्या अभ्यासातल्या अडचणीही शिक्षकांनी जास्त सांगितल्या. गणितात मात्र तसा फरक दिसला नाही. का, ते वेळेच्या हिशेबात दिसतं. यंत्र मिळालेली मुलं रोज सुमारे ४० मिनिटं खेळत होती, दुसऱ्या गटातली दहाच्या आसपास. शाळा सुटल्यावर पुस्तक-वही घेऊन बसण्याचा वेळ पहिल्या गटात १८ मिनिटांच्या जवळपास, दुसऱ्यात ३२. गेमनं मुलांच्या मेंदूचं काही बिघडवलं नव्हतं. त्यानं रोजची चौदा मिनिटं खाल्ली, आणि आठ वर्षांच्या मुलासाठी ती वाचायला शिकण्याची चौदा मिनिटं होती. गणित बहुतेक वर्गातच होतं, वाचन घरी मुरतं, असं मला वाटतं. हे मत माझं, त्या संशोधकांच्या माथी मारत नाही.

म्हणून या प्रयोगातून ठरावाला आधार मिळतो तो फार थोडा. यात प्रश्न हिंसेचा नव्हताच. ती चौदा मिनिटं कीर्तनाच्या व्हिडिओनं खाल्ली असती तरी वाचन तेवढंच मागे पडलं असतं. शिवाय ही मुलं वाचायला शिकण्याच्या वयाची होती. मोठ्या मुलांचं चित्र वेगळं आहे. २२ देशांतल्या १ लाख ९२ हजारांहून जास्त १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय परीक्षेतली माहिती ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये तपासली. विज्ञान, गणित, वाचन या तिन्हींत, गेम किती वेळा खेळतो यावरून गुणांत पडणारा फरक नगण्य निघाला. गंमत बघा, आपला ठराव नववी-दहावीला लागू आहे. ज्यांना खरी झळ बसते त्या पहिली ते चौथीच्या पोरांच्या हातात जेवताना फोन देणारे आपणच, आणि त्यावर ठराव नाही.

तरी नववीच्या मुलाला काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. माझा मुलगा नववीत आहे आणि त्याचे मार्क पहिल्या चाचणीत उतरले होते. म्हणून एका रविवारी दोघांनी मिळून त्याच्या फोनची सेटिंग उघडली. कोणतं ॲप किती वेळ वापरलं त्याचा दिवसवार तक्ता तिथे असतो, बहुतेक स्मार्टफोनमध्ये मिळतो. सोमवार ते शुक्रवारची सरासरी काढली. गेम, १ तास २० मिनिटं. छोटे व्हिडिओ, २ तास ५ मिनिटं. मी इतके दिवस ज्याच्या नावानं बोटं मोडत होतो तो दुसऱ्या नंबरवर होता.

मग वेळा बघितल्या. गेम सुरू व्हायचा साडेदहाला. का, तर त्याचा चुलतभाऊ सुरतेला कापडाच्या मिलमध्ये कामाला आहे, त्याची पाळी दहाला सुटते. आपल्याकडच्या किती घरांतलं कोणी ना कोणी सुरतेला आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. पोरांना भेटायला आता तेवढंच मैदान उरलंय. खेळ संपायचा बाराच्या सुमाराला, मग अंथरुणात व्हिडिओ, झोप साडेबाराला. सकाळी साडेसहाचा क्लास, म्हणून पावणेसहाला उठणं. म्हणजे झोप सव्वापाच तास. या वयाला आठ ते दहा तास लागतात असं झोपेवरचे डॉक्टर सांगतात. पहिल्या तासाला गणित असतं, आणि गणिताच्या सरांची तक्रार होती की पोरगं डोळे उघडे ठेवून झोपतं.

त्याच्याशी बोलून बदल केला तो इतकाच. गेम संध्याकाळी साडेसात ते साडेआठ, फोन दहाला बैठकीतल्या चार्जरवर, आणि भावासोबत खेळायचं ते शनिवारी रात्री. पहिला आठवडा घरात तोंडं फुगलेली होती. सुरतेच्या भावानं मला फोन करून "काका, काय हे" म्हटलं. आता सात-साडेसात तास झोप होते. दुसऱ्या चाचणीत मराठीला तीन मार्क वाढले, गणिताला आहेत तेवढेच. एका पोराच्या तीन मार्कांवरून मी काही सिद्ध झालं म्हणणार नाही. पेपरही सोपा असू शकतो. पण झोपेचा आकडा मी रोज डोळ्यांनी बघतोय.

ठरावाचा मार्ग, म्हणजे बंदी आणि शिक्षा, कितपत चालतो तेही बघू. चीननं २०१९ मध्ये अल्पवयीन मुलांच्या गेमच्या वेळेवर सरकारी मर्यादा घातली. त्यानंतर संशोधकांनी खेळण्याच्या तब्बल सात अब्ज तासांची नोंद तपासली, ती २०२३ मध्ये छापून आली. फार खेळणाऱ्यांचं प्रमाण कमी झाल्याचा विश्वासार्ह पुरावा त्यांना सापडला नाही. एवढ्या मोठ्या सरकारला जमलं नाही ते आपल्या हमीपत्रानं होईल का? उलट आठ दिवस वर्गाबाहेर काढलेला मुलगा दिवसभर कुठे बसेल? शेतात सालदारासोबत गेला तर उत्तमच, पण बहुतेक पोरं घरी बसतील, आणि हातात काय असेल ते सांगायला नको.

दोन ठिकाणी मात्र कडक व्हायला माझा पाठिंबा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमचा विकार आजारांच्या यादीत घेतला आहे, पण त्याची व्याख्या कडक आहे. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्या गोष्टी मागे पडतात, नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं, आणि हे साधारण बारा महिने टिकतं. दिवाळीच्या सुटीत रात्रभर जागलेला पोरगा यात बसत नाही. वर्षभर शाळा, मित्र, जेवण सोडून बसलेला बसू शकतो, आणि त्याला हमीपत्र नको, मानसोपचारतज्ज्ञ हवा. दुसरं, पैसे लावून खेळायचे ॲप. २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं त्यांच्यावर बंदी आणली आहे. तो जुगार आहे, त्याला गेमच्या यादीत घालून आपण त्याची गंभीरता घालवतोय.

माझी मागणी अशी. येत्या सभेत ठराव क्रमांक चार फेरविचाराला घ्यावा, आणि त्याआधी एक आठवडा नववीच्या दोन्ही तुकड्यांतल्या, घरी स्मार्टफोन असलेल्या पालकांनी एक कागद भरून द्यावा. त्यावर नाव नको. चारच रकाने: गेमची मिनिटं, व्हिडिओची मिनिटं, झोपायची वेळ, उठायची वेळ. पहिली दोन फोनच सांगतो, पुढची दोन आपण लिहायची. पालकांनीही स्वतःच्या फोनची मिनिटं तळाशी लिहिली तर बरं होईल. मी माझी लिहिली आहेत आणि ती मुलाच्या मिनिटांपेक्षा जास्त निघाली. बेरीज-सरासरी मी करून देतो. आमच्या घरचा भरलेला कागद सोबत जोडला आहे, मुलाला विचारूनच.

कळावे,
आपला,
नववी 'ब' मधल्या एका विद्यार्थ्याचा पालक